आधी हिशेब, मग शब्द: मेन्यू कार्ड कसं लिहावं

पुण्यात चालणारी एक मालवणी खाणावळ उदाहरणादाखल धरू. तिथे सुरमई थाळी ४८० रुपयांना आणि अंडा थाळी २०० रुपयांना मिळते. मालकाच्या दृष्टीने यातली फायद्याची थाळी कोणती? मालाचा खर्च टक्क्यांत मोजायची सवय असलेला मालक लगेच अंडा थाळीकडे बोट दाखवेल. अंडा थाळीला ७० रुपयांचा माल लागतो, म्हणजे किमतीच्या ३५ टक्के. सुरमई थाळीला २६० रुपयांचा माल लागतो, म्हणजे तब्बल ५४ टक्के. टक्केवारी सांगते की अंडं खपवा, सुरमईच्या नादी लागू नका.

पण गल्ल्यात टक्के पडत नाहीत, रुपये पडतात. सुरमईची एक थाळी गेली की माल वजा जाता २२० रुपये हातात राहतात. अंड्याची गेली की १३०. भाडं, पगार, गॅस, वीज हे सगळं याच उरलेल्या रुपयांतून भागवायचं असतं. टेबल तेच, वेटर तोच आणि गिऱ्हाईक बसणारही साधारण तितकाच वेळ. मग त्या टेबलावर कोणती थाळी यावी, हे टक्क्यांनी नाही तर रुपयांनी ठरायला हवं.

मेन्यू कार्ड लिहिण्याची सुरुवात इथून होते. रंग, चित्रं, अक्षराचं वळण आणि वर्णनाचे शब्द या सगळ्या नंतरच्या गोष्टी. आपल्याला काय खपवायचं आहे हेच ठाऊक नसेल, तर उत्तम शब्दसुद्धा चुकीच्या थाळीच्या सेवेला लागतात.

सहा थाळ्यांचा हिशेब

हा हिशेब मांडण्याची पद्धत अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ साली मांडली. तिला ‘मेन्यू इंजिनिअरिंग’ म्हणतात आणि हॉटेल व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ती आजही शिकवली जाते. पद्धत सोपी आहे. प्रत्येक पदार्थाबद्दल दोनच प्रश्न विचारायचे: तो किती खपतो आणि एका प्लेटमागे किती रुपये सोडून जातो?

आपल्या खाणावळीच्या थाळ्यांचा एका महिन्याचा हिशेब असा मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. ‘उरतात’ म्हणजे विक्रीच्या किमतीतून फक्त मालाचा खर्च वजा केल्यावर राहणारी रक्कम.

| थाळी | किंमत (रु.) | माल (रु.) | उरतात (रु.) | महिन्याची विक्री |
|---|---|---|---|---|
| सुरमई | ४८० | २६० | २२० | ३०० |
| बांगडा | २८० | ११० | १७० | २६० |
| कोंबडी-वडे | ३२० | १२० | २०० | २४० |
| अंडा | २०० | ७० | १३० | १०० |
| तिसऱ्या | ३४० | ११० | २३० | ६० |
| शाकाहारी | २२० | ७० | १५० | ४० |

महिन्यात एकूण १,००० थाळ्या गेल्या आणि त्यांतून १,९१,००० रुपये उरले. म्हणजे एका थाळीमागे सरासरी १९१ रुपये. यापेक्षा जास्त सोडून जाणारी थाळी फायद्याची, कमी सोडून जाणारी कमी फायद्याची.

खपाची रेषा आखायला थोडी वेगळी रीत आहे. सहा थाळ्या समान खपल्या असत्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण १६७ आल्या असत्या. कासावाना आणि स्मिथ यांनी या समान वाट्याचे ७० टक्के ही सीमा धरली. आपल्या उदाहरणात ती ११७ थाळ्यांवर येते. त्याहून जास्त जाणारी थाळी लोकप्रिय समजायची.

आता चार गट आपोआप पडतात. सुरमई आणि कोंबडी-वडे खपतातही आणि पैसेही सोडतात. यांना ‘स्टार’ म्हणतात. बांगडा भरपूर खपतो पण मागे कमी ठेवतो. त्याचं नाव ‘प्लाउहॉर्स’, म्हणजे नांगराला जुंपलेला घोडा. तिसऱ्यांची थाळी सगळ्यांत जास्त, २३० रुपये सोडून जाते, पण महिन्याला ६०च जातात, ती ‘पझल’. अंडा आणि शाकाहारी दोन्हींत मागे आहेत. त्यांना ‘डॉग’ असं कठोर नाव आहे.

कार्ड लिहिणाऱ्याचं खरं काम त्या ‘पझल’पाशी आहे. ‘स्टार’ना फार सांगावं लागत नाही, लोक ते मागवतातच. तिसऱ्यांची थाळी मात्र चांगली असूनही का मागवली जात नाही, हे शोधून काढायला हवं. त्याचं उत्तर बरेचदा कार्डावरच सापडतं.

गिऱ्हाईक अडतं कुठे?

कार्डावर लिहिलं आहे: ‘तिसऱ्या थाळी’. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला एवढं पुरे आहे. पुण्यात जन्मलेल्या माणसाच्या मनात मात्र शंका उभ्या राहतात. तिसऱ्या म्हणजे नक्की काय? त्या दाताखाली वाळूसारख्या कचकचतील का? खायच्या कशा? सोबत रस्सा असतो की नाही? ३४० रुपये खर्च करून पोट भरलं नाही तर? या शंका तो वेटरला विचारत नाही, कारण चारचौघांत अडाणी दिसायला कुणालाच आवडत नाही. तो ओळखीचा बांगडा मागवतो.

म्हणून अशा पदार्थाच्या वर्णनाने दोन कामं करायची असतात: शंका मिटवायची आणि तोंडाला पाणी आणायचं. पहिलं झाल्याशिवाय दुसरं होत नाही. आपण असं लिहू:

‘तिसऱ्यांचं सुकं. खाडीतले शिंपले, मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू काढलेले, ओल्या खोबऱ्यात आणि मालवणी मसाल्यात परतलेले. सोबत तिसऱ्यांचा रस्सा, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी.’

यात ‘स्वादिष्ट’ नाही, ‘लज्जतदार’ नाही आणि ‘आमची खासियत’ही नाही. काय आहे, कुठलं आहे, कसं केलं आहे आणि ताटात सोबत काय येणार, एवढंच आहे. भूक चाळवण्याचं काम ‘ओलं खोबरं’ आणि ‘परतलेले’ हे शब्द करतात, कारण ते वाचताना तव्याचा वास आठवतो. ‘स्वादिष्ट’ वाचून कोणताच वास आठवत नाही.

भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफस्की यांनी २०१४च्या ‘द लँग्वेज ऑफ फूड’ या पुस्तकात सुमारे ६,५०० अमेरिकन मेन्यूंच्या अभ्यासाबद्दल लिहिलं आहे. ‘चविष्ट’, ‘मस्त’ अशा अर्थाचे पोकळ कौतुकाचे शब्द त्यांना स्वस्त ठिकाणच्या मेन्यूंवर जास्त आढळले. महागड्या जागी माल कुठून आला याचा उल्लेख जास्त होता. कारण सरळ आहे. ज्याच्याकडे सांगण्यासारखी ठोस गोष्ट आहे, तो ती सांगतो. नसेल तेव्हा विशेषणं लागतात.

वर्णनाची लांबीही मोजून ठेवावी. वीस-पंचवीस शब्दांच्या पुढे भुकेला माणूस वाचत नाही. आणि सगळ्याच पदार्थांना वर्णन देऊ नये. बांगडा थाळी काय असते हे मासे खाणाऱ्याला माहीत आहे. तिथे नाव आणि किंमत पुरे. वर्णन पानावर दोन-तीन पदार्थांनाच असेल तर नजर तिथे थांबते. प्रत्येक ओळीपुढे ‘स्पेशल’ आणि तारा छापला की त्यांतलं काहीच उठून दिसत नाही.

‘पौष्टिक’ नको, चव सांगा

शब्दांचा परिणाम खरोखर होतो का, याची एक चांगली तपासणी स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. ब्रॅडली टर्नवाल्ड, डॅनिएल बोल्स आणि आलिया क्रम यांनी विद्यापीठाच्या कॅफेटेरियात रोज एका भाजीचं नाव बदलून पाहिलं. भाजी तीच, करण्याची पद्धत तीच. कधी नुसतं नाव, कधी तब्येतीला चांगली असल्याचं सांगणारं नाव, तर कधी चवीचं, मसाल्याचं वर्णन करणारं नाव. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. चवीचं नाव दिलेल्या दिवशी ती भाजी घेणारे लोक नुसत्या नावाच्या दिवसापेक्षा २५ टक्के जास्त होते. ‘यात अमुक कमी, तमुक नाही’ अशा पथ्याच्या नावाशी तुलना केली तर ४१ टक्के जास्त.

आपल्या खाणावळीला यातून थेट धडा मिळतो. सहाव्या ओळीवर ‘शाकाहारी थाळी’ असं लिहिलं आहे. हे नाव फक्त काय नाही ते सांगतं: मासे नाहीत, मटण नाही. तीच थाळी ‘काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे’ या नावाने लिहिली, तर तिला स्वतःची चव येते. मालवणी घरात काळ्या वाटाण्याचं सांबारं कुणी नाइलाज म्हणून खात नाही. मग कार्डावर ते नाइलाजासारखं का दिसावं?

हिशेबाच्या पद्धतीची एक मर्यादाही याच थाळीत दिसते. महिन्याला ४०च जातात म्हणून ती काढून टाकायचा मोह होईल. पण पाच जणांच्या कुटुंबात एक शाकाहारी असेल, तर कुठे जेवायचं हे बरेचदा त्या एकावर ठरतं. त्याच्यासाठी काहीच नसेल तर पाचही जण दुसरीकडे जातात. ४० थाळ्यांमागे आलेल्या सुरमईच्या आणि कोंबडी-वड्यांच्या थाळ्या या तक्त्यात वेगळ्या दिसत नाहीत. म्हणून ‘डॉग’ गटातला पदार्थ खोडण्याआधी तो कोणासोबत मागवला जातो, हे बिलं काढून पाहावं.

कोण कुठे बसेल?

पानावरच्या जागेबद्दल हॉटेल व्यवसायात बऱ्याच समजुती आहेत. नजर आधी मध्यभागी जाते, मग उजव्या कोपऱ्यात, मग डाव्या, अशा ‘सोनेरी त्रिकोणा’ची शिकवण वर्षानुवर्षं दिली जाते. सिबिल यांग यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचकांच्या नजरेचा उपकरणांनी माग घेतला, तेव्हा असा काही त्रिकोण दिसला नाही. लोक कार्ड साधारण पुस्तकासारखं, क्रमाने वाचत होते.

यादीतल्या जागेचा परिणाम मात्र दिसून आला आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले एरन दायान आणि माया बार-हिलेल यांनी आधी प्रयोगशाळेत आणि मग तेल अवीवमधल्या एका कॅफेत पदार्थांचे क्रम बदलून पाहिले. २०११ साली त्यांनी निष्कर्ष छापले: गटाच्या सुरुवातीला किंवा शेवटी असलेला पदार्थ मधोमध असताना खपतो त्यापेक्षा जास्त खपतो, काही वेळा दुपटीपर्यंत.

म्हणून तिसऱ्यांची थाळी पाचव्या ओळीवरून उचलून पहिल्या ओळीवर आणू. शेवटच्या ओळीवर कोंबडी-वडे ठेवू, कारण तीही फायद्याची थाळी आहे. दुसरी सुरमई. मधल्या जागा अंडा आणि बांगडा यांना देऊ. बांगड्याचा चाहता यादीत कुठेही असला तरी बांगडा शोधून काढतो. त्याला पहिल्या ओळीची गरज नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं स्वतंत्र शाकाहारी चौकटीत जाईल, म्हणजे शाकाहारी माणसाला माशांच्या ओळींतून वाट काढावी लागणार नाही.

किंमत कुठे लिहायची हाही क्रमाचाच प्रश्न आहे. उजव्या कडेला सगळ्या किमती एकाखाली एक रांगेत छापल्या की गिऱ्हाईक पदार्थांची नावं सोडून ती रांग वरून खाली वाचतं आणि स्वस्तात स्वस्त आकड्यापाशी थांबतं. किंमत वर्णनाच्या शेवटी, त्याच अक्षरात लिहिली तर आधी पदार्थ वाचला जातो. न्यूयॉर्क राज्यातल्या एका पाककला महाविद्यालयाच्या रेस्टॉरंटमध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळी यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. त्यांचा अहवाल २००९चा आहे. चलनाचं चिन्ह किंवा ‘डॉलर’ हा शब्द न छापता नुसता आकडा छापला, तेव्हा लोकांनी लक्षात येण्याइतका जास्त खर्च केला. हा एकाच ठिकाणचा प्रयोग आहे, त्यामुळे त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण ‘रु. ३४०.००/-’ असं लांबलचक लिहिण्यापेक्षा ‘३४०’ लिहिण्यात तोटा काहीच नाही. किंमत दिसेल अशीच हवी, लपवलेली नको. जी किंमत शोधावी लागते, तिच्याबद्दल संशय येतो.

किती पैसे वाढतील?

आता कागदावर अंदाज करू. समजा नव्या कार्डामुळे तिसऱ्यांच्या थाळ्या ६०वरून १२०वर गेल्या आणि एकूण गिऱ्हाईक तेवढंच राहिलं. वाढलेल्या ६० थाळ्या कुठून आल्या, यावर सगळं अवलंबून आहे. बांगडा सोडून लोक तिकडे वळले असतील, तर प्रत्येक थाळीमागे ६० रुपये जास्त, म्हणजे महिन्याला ३,६०० रुपये. सुरमई सोडून वळले असतील तर थाळीमागे १० रुपये, म्हणजे अवघे ६००. म्हणून तिसऱ्यांच्या ओळीशेजारी सुरमईपेक्षा बांगड्याच्या गिऱ्हाइकाला पटेल असं वर्णन हवं: सोबत काय मिळतं, पोट कसं भरतं, हे सांगणारं.

बांगड्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. त्याची किंमत २८०वरून ३०० केली तर थाळीमागे १९० उरतील. खप २६०वरून २३३पर्यंत घसरला, तरी बांगड्यातून येणारे पैसे पूर्वीइतकेच राहतील. म्हणजे २७ गिऱ्हाइकं गेली तरी तोटा नाही. त्याहून जास्त जातील असं वाटत असेल तर किंमत वाढवू नये.

या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही: मेहनत. तिसऱ्या धुणं, वाळू काढणं, उघडणं यात मदतनिसाचा वेळ जातो. एका थाळीमागे १० मिनिटं आणि त्याचा तासाचा खर्च ८० रुपये धरला, तर साधारण १३ रुपये होतात. २३० ऐवजी २१७ उरतात. थाळी अजूनही फायद्याची आहे, पण सुरमईच्या खाली आली. आचारी आणि मदतनीस आधीच घाईला आलेले असतील, तर जास्त मेहनतीची थाळी खपवून स्वयंपाकघर अडेल आणि टेबलावर बसलेली माणसं ताटकळतील. नव्या कार्डाचा विचार स्वयंपाकघरात जाऊन करायला हवा तो यासाठी.

परिणाम कसा ओळखावा?

कार्ड बदललं आणि विक्री वाढली, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. मासे-मटणाच्या जागी विक्री श्रावणात पडते आणि आषाढाच्या शेवटी उसळते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना माशांचे भाव चढतात. श्रावणात जुनं कार्ड आणि गणपती उठल्यावर नवं, अशी तुलना केली तर कोणतंही कार्ड यशस्वीच ठरेल. म्हणून शंभर थाळ्यांपैकी किती तिसऱ्यांच्या, हा वाटा पाहावा. सणावाराने एकूण आकडा हलतो, वाटा त्यामानाने कमी हलतो. एका वेळी एकच बदल करावा. आधी जागा बदलून चार आठवडे पाहावं, मग वर्णन. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

शब्दांनी विक्री अमुक टक्के वाढते, असे ठोकळ आकडे सांगणाऱ्या सल्लागारांपासून सावध राहावं. वर्णनात्मक नावांनी विक्री २७ टक्के वाढते, हा नेहमी दिला जाणारा आकडा ब्रायन वानसिंक यांच्या २००१च्या अभ्यासातला आहे. पुढे २०१८ साली कॉर्नेल विद्यापीठाने या संशोधकावर संशोधनातल्या गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि त्यांचे डझनाहून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले. दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा स्वतःच्या बिलांचा आकडा जास्त विश्वासाचा.

आणखी एक खूण बिलात दिसत नाही, ती परत येणाऱ्या ताटांत दिसते. तिसऱ्या मागवणारे वाढले पण ताटात अर्ध्या तशाच राहू लागल्या, तर शब्दांनी जेवढं कबूल केलं तेवढं स्वयंपाकघर देत नाही, असं समजावं. अशा वेळी शब्द सुधारून उपयोग नाही, थाळी सुधारायला हवी.

आणि शब्द खोटे असतील, तर प्रश्न चवीच्या पलीकडे जातो. गॅसवरच्या रश्श्याला ‘चुलीवरचा’ म्हणणं, डालड्याला ‘साजूक तूप’ म्हणणं, स्वस्त माशाला सुरमईचं नाव देणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६च्या कलम ५३नुसार अन्नपदार्थांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाची भीती नसती तरीही हे करू नये. कार्डावरचं एक वाक्य खोटं निघालं की गिऱ्हाईक उरलेली खरी वाक्यंही खोटी धरतं, आणि खाणावळ चालते ती पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावर.

म्हणून हॉटेल किंवा खाणावळ चालवणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती. कार्ड छापायला देण्याआधी ते आपल्या आचाऱ्यासमोर मोठ्याने वाचा. ‘हे मी रोज, प्रत्येक ताटात देतो’ असं ज्या वाक्याबद्दल तो सांगू शकेल ते ठेवा, बाकीची खोडा.